शंभराला एक पौंड पुरतो का?

1792 साली ब्रिटनमध्ये एक नियम झाला. सरकारने नवं कर्ज काढलं, की दर शंभर पौंडांमागे वर्षाला एक पौंड बाजूला टाकायचा आणि साधारण 45 वर्षांत ते कर्ज फेडायचं. हाच सिंकिंग फंड. एक पौंड पुरतो का, हे तुम्हीच करून बघा.

दर वर्षाअखेर एक पौंड टाकला आणि त्यावर 4 टक्के चक्रवाढ व्याज मिळालं, तर 45 वर्षांनी 121 पौंड जमतात. म्हणून शंभर पौंडांसाठी हप्ता 100 भागिले 121, म्हणजे 0.83 पौंड. दर 3 टक्के धरला, तर एका पौंडाचे जेमतेम 93 होतात आणि हप्ता 1.08 पौंडांवर जातो. एका टक्क्याच्या फरकाने गणित असं फिरतं.

पण खरी गोम वेगळीच आहे. हे व्याज देणार कोण? पंतप्रधान पिट यांचा फंड सरकारचेच रोखे विकत घ्यायचा, म्हणजे व्याज करदात्यांच्याच खिशातून यायचं. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटलं, शिल्लक उरली नाही, तरी हप्ते थांबले नाहीत. सरकार कर्ज काढून हप्ते भरत राहिलं! 1813 मध्ये रॉबर्ट हॅमिल्टन यांनी दाखवून दिलं, की कर्ज फिटतं ते फक्त खर्च भागवून उरलेल्या पैशातून.

तेव्हा हप्ता काढताना दर तर तपासाच. पण आधी विचारा, हप्त्याचे पैसे येणार कुठून?