चावीविरहित प्रारंभ : ‘चावी सापडत नाही’ हा संदेश

बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारीच्या पडद्यावर Key Not Detected असा संदेश आला, तरी गाडी बहुधा सुरू करता येते. एरवी गाडी कमी वारंवारतेचा संकेत सोडते आणि खिशातील चावी रेडिओलहरींनी उत्तर देते. या उत्तरासाठी चावीतील सेल लागतो. बहुतेक चाव्यांत तो सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा असतो. Key Battery Low ही सेल संपत आल्याची पूर्वसूचना असते.

सेल संपला तरी चावीतील ओळखचिप निकामी होत नाही. बटणाजवळच्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला पुरेशी वीज मिळते, मात्र काही सेंटिमीटरांवरूनच. म्हणून चावीत दडलेल्या धातूच्या पात्याने दार उघडावे. काही गाड्यांत तेव्हा भोंगा वाजतो, तो गाडी सुरू होताच थांबतो. मग ब्रेक दाबून चावी बटणाला टेकवावी आणि बटण दाबावे. काही गाड्यांत चावी ठेवण्याची जागा मधल्या कप्प्यात असते. ती पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावी.

सेल नवा असूनही संदेश आला, तर चावीला चिकटलेला मोबाइल दूर करावा. चालू गाडीतून चावी बाहेर गेल्यास इंजिन सहसा बंद पडत नाही, पण बंद केल्यावर चावीशिवाय पुन्हा सुरू होत नाही.