भेदिक सवाल-जवाब

कलगी आणि तुरा या शाहिरी परंपरांच्या दोन फडांनी आळीपाळीने गायची अध्यात्मपर प्रश्नोत्तरी रचना. कलगीवाले शक्तीचा म्हणजे मायेचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा म्हणजे पुरुषाचा. एक फड सवाल टाकतो, दुसरा त्याची फोड करतो आणि उलटा सवाल टाकून बसतो. शाहीर डफावर कडवे म्हणतो, मागचे झीलकरी तुणतुण्याच्या साथीने ध्रुपद उचलतात. उत्तर जुळवायला शाहिराला मिळतो तो एवढाच वेळ.

सवाल रचणारा उत्तरापासून सुरुवात करतो. आधी तत्त्व ठरवायचे, मग त्यावर रूपक चढवायचे. देहाला नगर किंवा वाडा म्हणणे जुनेच आहे. कस लागतो तो आकड्यांत. नऊ दारे, तीन गुण, दिवसरात्रीचे २१,६०० श्वास हे आकडे श्रोत्यांना पाठ असतात. पंचवीस तत्त्वांचा आकडा मात्र फसवा. सांख्यांच्या पंचविसांत प्रकृती आणि पुरुष दोघेही धरलेले आहेत. दासबोधातल्या सूक्ष्म देहाच्या पंचविसांत अंतःकरण, प्राण, ज्ञानेंद्रिये, कर्मेंद्रिये आणि विषय अशी पाच पंचके येतात. आत्मा त्या मोजणीबाहेर राहतो.

नमुन्यासाठी रचलेला कलगीचा सवाल असा:

पंचविसांचा वाडा सजला, धनी कुठे तो राही?
आत म्हणावा, गणती चुकते. बाहेर दिसत नाही!

तुऱ्याचा जवाब:

पाच पंचके मोजुन झाली, धनी तयांत न राही;
मोजी त्याला कोण मोजितो? साक्षी गणतित नाही.

ओळ सोळा आणि बारा अशा अठ्ठावीस मात्रांची आहे. जवाबाने चाल, मात्रा आणि यमक तेच ठेवले. सवालातला ‘राही’ आणि ‘नाही’ त्याच जागी उचलला, म्हणून झीलकऱ्यांना ध्रुपद बदलावे लागत नाही. ‘पाच पंचके’ म्हणताच कोणती मोजणी धरली तेही कळले. हे दोन शब्द गाळले असते, तर कलगीवाल्याने सांख्यांची यादी पुढे करून ‘पुरुष तर पंचविसांतलाच’ म्हणून अडवले असते, आणि ते चूक ठरले नसते. यावरून जुंपणारे वाद अध्यात्माचे कमी आणि हिशेबाचे जास्त असतात.

दोन उत्तरे निघणारा सवाल कच्चा. रूपकातली एखादी वस्तू तत्त्वाशी जोडता आली नाही, तरी तो कच्चाच: वाड्याला खिडकी दाखवली, तर ती कशाची हे रचणाऱ्याला सांगता आले पाहिजे. समोरचा फड अडला, की फोड रचणाऱ्यालाच करावी लागते.

जवाबात दोष दिसतो तो क्रमाचा. सवालात तीन गोष्टी विचारल्या आणि सोपी तिसरी आधी सोडवली, तर पहिली टाळली असे जाणते श्रोते समजतात. म्हणून जवाब सवालाच्याच क्रमाने बांधतात, शेवटच्या कडव्यात शाहीर नाममुद्रा घालतो आणि त्यानंतरच उलटा सवाल येतो.