छायाचित्राधारित मुलाखत

छायाचित्राधारित मुलाखत ही समाजशास्त्र, मानवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि नगररचना या क्षेत्रांत वापरली जाणारी गुणात्मक संशोधनाची एक पद्धत आहे. या पद्धतीत मुलाखतीच्या वेळी प्रश्नांबरोबर छायाचित्रे समोर ठेवली जातात आणि त्यांच्या आधाराने संभाषण पुढे नेले जाते. छायाचित्रे संशोधकाने काढलेली असू शकतात, जुन्या संग्रहातील किंवा घरगुती अल्बममधील असू शकतात, अथवा सहभागी व्यक्तींनी खास त्या अभ्यासासाठी काढलेली असू शकतात. वस्तीच्या अभ्यासात या शेवटच्या प्रकाराचा वापर विशेष होतो. छायाचित्रे सहभागींनीच काढण्याच्या पद्धतीला सहभागी छायाचित्रण असे म्हणता येईल. या लेखात प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे.

या पद्धतीत छायाचित्र हा स्वतःच पुरावा मानला जात नाही. छायाचित्र पाहून सहभागी जे सांगतो ते संशोधनाचे मुख्य साहित्य असते. एकाच चौकाच्या चित्राचा अर्थ तेथील फेरीवाल्यासाठी एक आणि शाळकरी मुलीसाठी दुसरा असतो, आणि तो चित्रावरून परस्पर वाचता येत नाही.

## इतिहास

या पद्धतीचा पहिला पद्धतशीर वापर अमेरिकन छायाचित्रकार व मानवशास्त्रज्ञ जॉन कॉलियर (कनिष्ठ) यांनी केला. कॉर्नेल विद्यापीठातील अलेक्झांडर लेटन यांच्या नेतृत्वाखाली कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याकडील प्रांतांत बदलत्या समुदायांतील मानसिक ताणाचा अभ्यास चालू होता. घरांचा दर्जा कोणत्या निकषांवर ठरवावा याबाबत संशोधकांमध्ये एकमत होईना, तेव्हा छायाचित्रांद्वारे पाहणी करण्याचा मार्ग पुढे आला. भिन्न वांशिक गटांच्या शेजारात राहायला आलेली व कारखान्यातील नव्या कामाला लागलेली कुटुंबे या बदलाशी कशी जुळवून घेतात, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी काही मुलाखती छायाचित्रांसह आणि काही छायाचित्रांविना घेण्यात आल्या. कॉलियर यांनी 1957 साली अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट या नियतकालिकात त्यांची तुलना प्रसिद्ध केली. छायाचित्रांसह झालेल्या मुलाखती अधिक लांबल्या, त्यांत नेमका तपशील अधिक आला आणि पुन्हा पुन्हा मुलाखती देताना येणारा कंटाळाही कमी झाला, असे त्यांनी नोंदवले.

या अभ्यासातील प्रदेशाला ‘स्टर्लिंग काउंटी’ असे बदललेले नाव देण्यात आले होते. लेखी अहवालात गावाचे नाव बदलले की ओळख बरीच झाकली जाते. घराच्या छायाचित्राला मात्र टोपणनाव देता येत नाही. या पद्धतीपुढील नैतिक अडचणींचे मूळ याच फरकात आहे.

कॅमेरा सहभागींच्याच हाती देण्याच्या प्रथेला कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांच्या कामामुळे चालना मिळाली. चीनच्या युनान प्रांतात 1992 साली सुरू झालेल्या त्यांच्या प्रकल्पात 62 ग्रामीण स्त्रियांनी स्वतःच्या दैनंदिन जीवनाची छायाचित्रे काढली. मक्याच्या शेतात खुरपणी करणारी आई आणि बांधावर एकटे ठेवलेले तिचे तान्हे मूल असे एक चित्र त्यात होते. त्यातून मुलांच्या सांभाळाचा प्रश्न चर्चेत आला. या रीतीला पुढे ‘फोटोव्हॉइस’ असे नाव मिळाले. छायाचित्राधारित मुलाखतीचा भर एकेका व्यक्तीचा अर्थ समजून घेण्यावर असतो. फोटोव्हॉइसमध्ये गटचर्चा आणि धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचणे यांना अधिक महत्त्व असते. प्रत्यक्षात अनेक अभ्यास दोन्हींचे मिश्रण असतात.

## कार्यपद्धती

काम सहसा तीन टप्प्यांत होते. पहिल्या बैठकीत सहभागींना विषय, कालावधी व छायाचित्रणाचे नियम समजावून दिले जातात. सूचनेची भाषा येथे निर्णायक ठरते. ‘वस्तीतील समस्यांचे फोटो काढा’ असे सांगितले की कचराकुंडी, तुंबलेले गटार आणि खड्डे यांचीच चित्रे येतात, कारण उत्तर प्रश्नातच दडलेले असते. ‘रोज तुम्ही जिथून जाता, जिथे थांबता आणि जिथे जायचे टाळता अशा जागा दाखवा’ ही सूचना अधिक मोकळी असून तिच्यात दिशाही आहे. पूर्वी एकदा वापरून टाकायचे फिल्मचे कॅमेरे दिले जात आणि चित्रांची संख्या आपोआप मर्यादित राही. मोबाइल फोनवर ही मर्यादा मुद्दाम घालावी लागते. ती नसल्यास शेकडो चित्रे जमतात आणि एकावरही नीट बोलणे होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात सहभागी साधारण आठवडाभर छायाचित्रे काढतात. तिसऱ्या टप्प्यात मुलाखत होते. छायाचित्रांच्या कागदी प्रती टेबलावर किंवा सतरंजीवर पसरून त्यांतील पाच-सहा प्रती सहभागीलाच निवडून क्रमाने लावायला सांगणे उपयुक्त असते, कारण निवड आणि क्रम यांतूनही काही सांगितले जाते. ‘हे काय आहे?’ यापेक्षा ‘हा फोटो का निवडलात?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. शेवटी आणखी एक प्रश्न विचारावा: ‘कोणता फोटो काढायचा होता, पण काढला नाही?’ दारूचा गुत्ता, मुलगी उभी राहू शकत नाही असा नाका, घरातील भांडण यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बहुधा हाच असतो. एखादी जागा चित्रांत नाही म्हणजे ती महत्त्वाची नाही, असा निष्कर्ष काढणे ही या पद्धतीतील नेहमीची चूक आहे.

बिनसलेल्या कामाची काही लक्षणे ओळखता येतात. सर्वांची चित्रे एकसारखी, देऊळ, बाग आणि उत्सवाच्या मांडवाची असतील, तर सहभागींनी पाहुण्याला वस्ती दाखवावी तशी ती दाखवली आहे, असे समजावे. सहभागी चित्रातील वस्तूंची केवळ नावे सांगत असेल, तर एकतर चित्र त्याने स्वतः काढलेले नाही किंवा प्रश्न वर्णनापाशीच थांबला आहे. घरातील फोन दुसऱ्याच्या ताब्यात असल्याने चित्रे भावाने किंवा नवऱ्याने काढलेली असणे ही शक्यता स्त्रियांच्या बाबतीत मुद्दाम विचारून घ्यावी लागते.

## उदाहरण

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. शहरातील एका वस्तीत सार्वजनिक नळावर सकाळी पाणी येते. सहभागी स्त्रीने नळासमोर रांगेत ठेवलेल्या हंड्यांचे चित्र आणले आहे. चित्रात माणूस एकही नाही. संशोधकाला त्यात पाण्याची टंचाई दिसते. ती मात्र पाण्याविषयी फारसे बोलत नाही. हंडा ठेवला की नंबर लागतो, माणूस उभा नसला तरी चालते, पण नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाचा हंडा कोणीतरी मागे सरकवतो, असे ती सांगते. रांगेतील शेवटचा, पोचा पडलेला हंडा त्या कुटुंबाचा आहे. वस्तीत कोण आपले आणि कोण परके, हा विषय अशा रीतीने हंड्यांच्या क्रमातून पुढे येतो.

या चित्राची दुसरी बाजू अशी की महाराष्ट्रात भांड्यांवर मालकाचे नाव कोरून घेण्याची पद्धत आहे. चेहरा नसलेल्या या चित्रात हंड्यांवरची नावे वाचता आली, तर हंडा सरकवणारे आणि ज्यांचा सरकवला ते, दोघेही उघडे पडतील. नावे पुसली तरी शेजारी तो पोचा ओळखतील. बाहेरच्या वाचकापासून ओळख लपवणे तुलनेने सोपे असते. त्याच गल्लीत राहणाऱ्यांपासून ती लपवणे फार अवघड असते, आणि खरा त्रास बहुधा तेथूनच होतो. अशा वेळी मुलाखतीतील मजकूर वापरून चित्र वगळणे किंवा चित्रावरून साधे रेखाटन करून घेणे हा मार्ग उरतो.

## चेहरे, संमती आणि खासगीपणा

सहभागीने दिलेली संमती तिच्यापुरती असते. तिच्या चित्रात आलेल्या शेजाऱ्याने काहीच मान्य केलेले नसते. वँग आणि यानिक रेडवूड-जोन्स यांनी अमेरिकेतील फ्लिंट शहरातील प्रकल्पाच्या अनुभवावरून 2001 साली या प्रश्नाची मांडणी केली. त्यांनी तीन वेगळ्या संमती सुचवल्या आहेत. पहिली सहभागीची, प्रकल्पात भाग घेण्यासाठी. दुसरी चित्रित व्यक्तीची, आणि ती चित्र काढण्यापूर्वी. तिसरी पुन्हा सहभागीची, कोणती चित्रे प्रसिद्ध करायची यासाठी. खासगी जागेत शिरणे, लाजिरवाणी गोष्ट उघड करणे, चित्रामुळे व्यक्तीविषयी खोटा समज निर्माण करणे आणि तिच्या प्रतिमेचा व्यापारी उपयोग करणे, असे चार धोकेही त्यांनी मांडले आहेत. त्यांतील तिसरा धोका सर्वांत सहज घडतो: पानटपरीवर सहज उभ्या असलेल्या मुलाचे चित्र ‘व्यसनाधीनता’ या मथळ्याखाली आले की पुरते.

आधी विचारले तर प्रसंगाचा सहजपणा जातो आणि नंतर विचारले तर नकार देणे अवघड होते. त्यामुळे अनेक प्रकल्प ओळखू येणारे चेहरे घेऊच नयेत असा नियम करतात. पाठमोरी माणसे, हात, सावल्या, दुरून दिसणारी गर्दी किंवा रिकामी जागा असे पर्याय सुचवले जातात. मात्र या नियमाचीही किंमत असते. माणसांनी गजबजलेली वस्ती चित्रांत ओसाड दिसू लागते. नंतर चेहरा धूसर केल्यास ती व्यक्ती आरोपीसारखी दिसते, आणि ‘माझा चेहरा का लपवला?’ असा प्रश्न स्वतः सहभागीच विचारतात. सरसकट नियमापेक्षा प्रत्येक चित्राचा सहभागीसोबत बसून निर्णय करणे अधिक योग्य होय, मग त्यासाठी आणखी एक बैठक लागली तरी चालेल.

लहान मुलांबाबत अधिक काळजी आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्यविषयक संशोधनात पालकांच्या संमतीबरोबर 7 ते 12 वर्षांच्या मुलांची तोंडी आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलांची लेखी अनुमती घ्यावी लागते.

महाराष्ट्रातील शहरांत कॅमेऱ्याला एक प्रशासकीय अर्थही आहे. 1976 च्या झोपडपट्टी गणनेनंतर मुंबईत रहिवाशांना ‘फोटोपास’ देण्यात आले, आणि तेव्हापासून घराचे व कुटुंबाचे छायाचित्र वास्तव्याच्या हक्काशी जोडले गेले. कोणी गल्लीत फोटो काढू लागले की ‘सर्वे आला का?’ असे विचारले जाते ते यामुळेच. वाढवलेला पोटमाळा किंवा ओढून घेतलेली नळजोडणी दाखवणारे चित्र एखाद्या कार्यालयाच्या हाती गेल्यास कारवाईचे कारण ठरू शकते. म्हणून छायाचित्रण सुरू होण्यापूर्वी वस्तीतील मंडळाला किंवा जाणत्या मंडळींना कल्पना देणे आणि सहभागीजवळ प्रकल्पाची माहिती देणारे पत्र ठेवणे आवश्यक असते. हटकले गेल्यास वाद न घालता चित्र पुसून टाकावे, हेही पहिल्या बैठकीतच सांगितले जाते.

## साठवण आणि मालकी

डिजिटल चित्रासोबत वेळ, फोनचा प्रकार आणि अनेकदा अक्षांश-रेखांश यांची अदृश्य नोंद जोडलेली असते. फोनच्या कॅमेऱ्यातील स्थाननोंद आधीच बंद करणे आणि प्रत बाहेर देण्यापूर्वी उरलेली नोंद पुसणे ही दोन्ही कामे करावी लागतात. चित्रातील घरक्रमांक, वाहनाची पाटी, शाळेचा गणवेश आणि गोंदण यांवरूनही व्यक्ती ओळखता येते. काही झाकायचे असल्यास ते अपारदर्शक ठोकळ्याने झाकावे, कारण सौम्यपणे धूसर केलेला भाग पुष्कळदा वाचता येतो. मूळ प्रती वेगळ्या, कुलूपबंद ठिकाणी ठेवून त्या कधी नष्ट करणार हे संमतिपत्रात लिहिले जाते.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, 1957 प्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. त्यामुळे वेगळा करार नसल्यास चित्रांवरील हक्क सामान्यतः सहभागीचा असतो, संशोधकाचा नव्हे. अहवाल, प्रदर्शन आणि आंतरजाल यांसाठी स्वतंत्र परवानगी घेतली जाते, आणि छापील प्रतींचा एक संच सहभागीकडे राहतो.