परीक्षेची बनावट सूचना कशी ओळखावी, प्रवेशाचा दलाल कसा फसवतो

मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करणाऱ्या हजारो डॉक्टरांच्या भ्रमणध्वनीवर एक सूचना येऊन धडकली. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या नावाने निघालेल्या त्या सूचनेत नीट-पीजी परीक्षा पुढे ढकलली असून ती ९ जुलै रोजी होईल, असे म्हटले होते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ती सूचना बनावट असल्याचे जाहीर केले आणि परीक्षा ठरल्याप्रमाणे २१ मे रोजीच पार पडली. ज्यांनी त्या कागदावर विसंबून अभ्यासाला ढील दिली असेल, त्यांच्या हाती उरले ते अवघे दोन आठवडे.

ही सूचना खरी वाटण्यास कारण होते. हीच परीक्षा मुळात १२ मार्चला व्हावयाची होती आणि ती खरोखरच पुढे ढकलून २१ मे ही तारीख देण्यात आली होती. ती आणखी पुढे जावी, अशी अनेक परीक्षार्थींची मागणी होती. ज्या बातमीची लोक आधीच वाट पाहत असतात, तीच बनावट बातमी सर्वांत वेगाने पसरते. म्हणून सूचनेची भाषा, बोधचिन्ह किंवा सही पाहून निर्णय करू नये. या तिन्ही गोष्टी जुन्या खऱ्या सूचनेवरून काही मिनिटांत उचलता येतात. तारीख कापून जुनीच खरी सूचना नव्याने फिरवण्याचा प्रकारही नेहमीचाच आहे.

सूचना अवेळी आली, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. २०२४ ची नीट-पीजी परीक्षा २३ जूनला होती आणि ती पुढे ढकलल्याची घोषणा आदल्या रात्री झाली. अनेकांना ती अफवा वाटली, पण ती खरी होती. परीक्षा पुढे ११ ऑगस्टला झाली. थोडक्यात, अंदाजावर काहीच ठरत नाही. सूचना मूळ ठिकाणी आहे की नाही, हा एकच प्रश्न महत्त्वाचा असतो.

मूळ ठिकाणापर्यंत कसे जावे

संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकावा. नीट-यूजी परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेचा पत्ता `nta.ac.in`, राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा `natboard.edu.in`, तर अखिल भारतीय कोट्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या वैद्यकीय समुपदेशन समितीचा `mcc.nic.in` असा आहे. गोव्यातील राज्य कोट्याचे प्रवेश पर्वरी येथील तंत्रशिक्षण संचालनालय करते. त्याचा पत्ता `dte.goa.gov.in`.

पत्ता नेहमी उजवीकडून वाचावा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी जे येते, तेच स्थळाचे खरे नाव असते. `mcc.nic.in.pravesh.com` अशा नमुन्याच्या पत्त्यात सुरुवातीला सरकारी नाव दिसते खरे. परंतु तो पत्ता `pravesh.com` च्या मालकाचा असतो. `gov.in` आणि `nic.in` हे शेवट खासगी व्यक्तीला मिळत नाहीत.

त्यानंतर सूचनांच्या यादीत त्या तारखेची नोंद शोधावी. राष्ट्रीय परीक्षा मंडळ जुलै २०२० पासून महत्त्वाच्या सूचनांवर क्यूआर कोड छापते आणि तो मंडळाच्या स्थळावरील मूळ सूचनेकडे नेतो. मात्र क्यूआर कोड कोणीही तयार करू शकतो. म्हणून कोड आहे एवढ्यावर समाधान न मानता तो कोणत्या पत्त्यावर नेतो, हे पाहावे. गर्दीमुळे स्थळ उघडत नसेल, तर उघडेपर्यंत ती सूचना पुढे पाठवू नये.

केंद्र सरकारशी संबंधित सूचनेची शहानिशा पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-पडताळणी कक्षाकडे व्हॉट्सअॅपवर ८७९९७११२५९ या क्रमांकावर करता येते. राज्याच्या सूचना त्या कक्षाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांसाठी संचालनालयाकडेच विचारणा करावी लागते.

दलालाचे गणित

बनावट सूचना वेळ घालवते, तर दलाल घरदार गहाण ठेवायला लावतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने महाराष्ट्रातील दोघांना अटक केली. नीट-यूजीतील गुण वाढवून देतो, असे सांगून ते एका परीक्षार्थीमागे ९० लाख रुपये मागत असल्याचा आरोप होता. चाचणी संस्थेतील कोणाचाही त्यात हात असल्याचे तपासात आढळले नाही. गुण वाढवण्याची सोयच त्यांच्याकडे नव्हती.

मग हा धंदा चालतो कसा? समजा, एका दलालाने दहा पालकांकडून पैसे घेतले. त्या दहांपैकी दोघा-तिघांची मुले स्वतःच्या गुणांवरच पात्र ठरतात. दलाल त्यांचे पैसे ठेवून घेतो आणि उरलेल्यांचे, ते मागे लागले तर, परत करतो. ज्यांना प्रवेश मिळाला ते त्याचे गुण गातात आणि ज्यांचे पैसे परत आले तेही त्याला प्रामाणिक समजतात. पुढच्या वर्षी ‘त्याने आमच्या शेजाऱ्याचे काम केले’ ही शिफारस दलालाचे भांडवल ठरते. म्हणून ओळखीच्या माणसाचा अनुभव हा येथे पुरावा होऊ शकत नाही.

बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्यातील अभिमत विद्यापीठात ‘व्यवस्थापन कोट्यातून थेट जागा’ देण्याचे आमिष गोव्यातील पालकांना दाखवले जाते. प्रत्यक्षात अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएसच्या जागा वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फतच भरल्या जातात आणि शेवटच्या रिक्त जागांची फेरीही तिच्याच स्थळावर होते. इतर खासगी महाविद्यालयांसाठी कर्नाटकात परीक्षा प्राधिकरण, तर महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष प्रवेश करतो. व्यवस्थापन कोटा अस्तित्वात आहे, त्याचे शुल्कही अधिक आहे. पण त्याचा मार्गही समुपदेशनातूनच जातो.

दलालाने ‘जागावाटप पत्र’ दाखवल्यास त्याची कसोटी सोपी आहे. प्रत्येक फेरीचा निकाल समिती गुणानुक्रमासह आपल्या स्थळावर प्रसिद्ध करते. त्या यादीत आपल्या मुलाचा क्रमांक व महाविद्यालय एकत्र दिसत नसेल, तर हातातील पत्र निरर्थक होय. खरे पत्र मुलाच्या स्वतःच्या खात्यातून उतरवता येते. त्यामुळे खात्याचा परवलीचा शब्द आणि नोंदणीचा भ्रमणध्वनी क्रमांक दलालाच्या हाती कदापि देऊ नये. तसे केल्यास महाविद्यालयांचा पसंतीक्रमही तोच भरू लागतो.

पैसे गेल्यास

ऑनलाइन रक्कम दिली असल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी कळवले, तरच ती गोठवली जाण्याची शक्यता असते. रोख दिली असल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी आणि संदेश, ध्वनिमुद्रणे, पावत्या पुसू नयेत.

२१ जून २०२४ पासून लागू असलेल्या सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) कायद्यानुसार फसवणुकीसाठी बनावट संकेतस्थळ तयार करणे किंवा बनावट प्रवेशपत्र देणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला ३ ते ५ वर्षे कारावास आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. संघटित टोळीसाठी शिक्षा ५ ते १० वर्षे आणि दंड किमान १ कोटी रुपये आहे. परीक्षार्थीला या कायद्याखाली शिक्षा नाही, पण परीक्षा मंडळाच्या नियमांनुसार त्याच्यावर कारवाई होऊ शकते. त्यामुळे ‘गुण वाढवून देतो’ या बोलीवर पैसे देणारा पालक रक्कम तर गमावतोच, शिवाय मुलाची उमेदवारीही धोक्यात घालतो.