द्विदिश संदेश : मराठीत मिसळलेली उर्दू आणि हिब्रू

डावीकडून उजवीकडे वाचली जाणारी देवनागरी आणि उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी उर्दू किंवा हिब्रू एकाच मजकुरात आली, तर त्याला द्विदिश मजकूर म्हणतात. मालेगाव, भिवंडी किंवा छत्रपती संभाजीनगर इथल्या मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणाऱ्यांच्या गप्पांत, तसेच इस्राएलमध्ये लोद, दिमोना, अशदोद अशा शहरांत स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या निरोपांत असा मजकूर सहज तयार होतो. तो पाठवला की कधी विरामचिन्ह भलतीकडे जाते, कधी तारीख उलटते. शब्दांतली अक्षरे मात्र जागची हलत नाहीत. बिघडतो तो तुकड्यांचा क्रम, आणि सर्वांत जास्त नुकसान होते आकड्यांचे.

फोनच्या साठवणीत संदेश टंकलेल्या क्रमानेच राहतो. आधी दाबलेले अक्षर आधी, नंतरचे नंतर. तिथे डावे-उजवे काही नसते. पडद्यावर कोणता तुकडा कुठे मांडायचा हे दाखवताना ठरते, आणि ते ठरवणारी नियमावली म्हणजे युनिकोडच्या नवव्या परिशिष्टातला द्विदिश अल्गोरिदम. त्यात प्रत्येक चिन्हाला दिशेचा एक वर्ग दिलेला असतो. देवनागरी, उर्दू आणि हिब्रू अक्षरांची दिशा पक्की असते. मोकळी जागा, उद्गारचिन्ह, कंस आणि इमोजी यांना स्वतःची दिशा नसते. ती शेजाऱ्यांकडून येते, शेजारी एकमताचे नसतील तर संपूर्ण परिच्छेदाची दिशा लागू होते. 1, 2, 3 हे आकडे या दोहोंच्या मध्ये बसतात. ते आतल्या आत डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात, पण ओळीत कुठे बसायचे ते आधीच्या अक्षरावर अवलंबून असते. गोंधळाचे मूळ इथेच आहे.

लग्नाच्या निरोपाचे एक उदाहरण घेऊ. पाठवणाऱ्याने मराठी वाक्यात ‘निकाह’ हा शब्द उर्दूत लिहिला आणि पुढे बारा एप्रिल ही तारीख आकड्यांत टंकली:

```
ताईचा نکاح 12-4 ला आहे
```

टंकण्याचा क्रम असा : ताईचा, निकाह, बारा, आडवी रेघ, चार. नियमावली पाळणाऱ्या पडद्यावर मात्र डावीकडून वाचताना ताईचा, मग 4-12, मग निकाह आणि शेवटी ‘ला आहे’ असे दिसते. म्हणजे बारा एप्रिलचा चार डिसेंबर झाला. कारण असे : बारा आणि चार यांच्या आधीचे पक्के अक्षर अरबी वळणाच्या लिपीतले असल्याने दोन्ही आकडे ‘अरबी अंक’ या वर्गात जातात, आणि त्या वर्गात आडवी रेघ दोन आकड्यांना जोडत नाही. ते दोन स्वतंत्र आकडे ठरतात आणि उजवीकडून डावीकडे एकामागून एक मांडले जातात. वाचणाऱ्याला चूक कळायला काहीच जागा नाही, कारण 4-12 हीसुद्धा रीतसर तारीखच आहे. संध्याकाळी 6-8 अशी वेळ 8-6 दिसली तर निदान शंका येते. तारखेत तीही येत नाही.

हिब्रूत हेच वाक्य वेगळे वागते. हिब्रू अक्षरापुढचे आकडे आपला मूळ वर्ग सोडत नाहीत, त्यामुळे कीबोर्डवरची साधी आडवी रेघ त्यांना जोडून ठेवते आणि 12-4 शाबूत राहते. मात्र दोन गटांत, मध्ये मोकळी जागा ठेवून लिहिलेला फोन नंबर उर्दू आणि हिब्रू दोन्हींच्या मागोमाग आला की त्याचे गट आपसांत जागा बदलतात, आणि देशाच्या क्रमांकाआधीचे अधिकचिन्ह त्या क्रमांकाच्या उजवीकडे जाऊन बसते.

महिन्याचे नाव लिहिले की प्रश्न सुटेल असे वाटते, पण ‘12 एप्रिल’ लिहिले तर बारा हा आकडा उर्दू शब्दाच्या डावीकडे जातो, एप्रिल उजवीकडे राहतो आणि मध्ये निकाह येतो. तिरकी रेघ चालते, कारण 12/4 मधली तिरकी रेघ अरबी अंकांनाही जोडते. आणि मराठी लिहिणाऱ्याच्या हाताशी याहून चांगला उपाय आधीपासून आहे. देवनागरी आकडे या नियमावलीत देवनागरी अक्षरांसारखेच पक्क्या दिशेचे आहेत. ‘१२-४’ किंवा ‘१२ एप्रिल’ असे लिहिले की ते उर्दू शब्दाच्या पुढे, जिथे हवे तिथेच राहते. मिश्र संदेशात तारीख, वेळ आणि रक्कम देवनागरी आकड्यांत लिहावी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

दुसरा गोंधळ परिच्छेदाच्या दिशेचा. ती बहुतेक वेळा पहिल्या पक्क्या अक्षरावरून ठरते. सुरुवातीची इमोजी आणि आकडे मोजले जात नाहीत. उर्दूत सलाम लिहून पुढचा मजकूर मराठीत लिहिला, तर सगळा परिच्छेद उर्दूच्या दिशेचा होतो. सलाम उजव्या कडेला, मराठी वाक्य त्याच्या डावीकडे, आणि वाक्याचा पूर्णविराम पहिल्या मराठी शब्दाच्याही डावीकडे. सलामनंतर नवी ओळ सुरू केली तर पुढचा मजकूर नियमावलीच्या दृष्टीने वेगळा परिच्छेद ठरतो आणि नीट दिसतो. काही अ‍ॅप मात्र पूर्ण संदेशाला एकच दिशा देतात. तिथे हा उपाय लागू पडत नाही.

लांब उर्दू वाक्यखंड अरुंद पडद्यावर तुटतो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. ओळी आधी साठवणीतल्या क्रमाने तोडल्या जातात आणि मग प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे मांडली जाते. म्हणून खंडाचा पहिला भाग वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला आणि उरलेला खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला येतो. फोन आडवा धरला की तोच संदेश वेगळा दिसतो. आकड्यांचा क्रम उलटल्याचा संशय आला, तर संदेशातला फक्त आकड्यांचा भाग निवडून, जिथे उर्दू अक्षर नाही अशा रिकाम्या जागी चिकटवावा. तिथे तो टंकलेल्या क्रमाने दिसतो.

खरा इलाज अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या हाती आहे. 2013 साली युनिकोड 6.3 मध्ये दिशा अलग ठेवणारी अदृश्य चिन्हे आली. त्यांनी वेढलेल्या तुकड्याचा प्रभाव बाहेरच्या आकड्यांवर पडत नाही. वेबपानावर हेच काम `bdi` हा टॅग करतो:

```
<p dir="auto">ताईचा <bdi>نکاح</bdi> 12-4 ला आहे</p>
```

इथे बाराच्या आधीचे पक्के अक्षर ‘ताईचा’मधले धरले जाते आणि तारीख सरळ राहते. सदस्याचे उर्दू नाव आणि त्याला लागून न वाचलेल्या संदेशांची संख्या दाखवणाऱ्या प्रत्येक यादीत हे वेष्टन हवेच. हाताने टंकताना उर्दू शब्दानंतर `U+200E` हे डावीकडून उजवीकडची दिशा सांगणारे चिन्ह टाकले तरी हाच परिणाम मिळतो, पण फोनच्या कीबोर्डवर ते सहसा नसते. शिवाय ते मजकुराबरोबर नकळत कॉपी होते. खाते क्रमांकाला किंवा दुव्याला चिकटून गेले, तर डोळ्यांना बरोबर दिसणारा क्रमांक रकान्यात नाकारला जातो. अशा वेळी क्रमांक पुन्हा हाताने टंकावा लागतो.