एका पडद्यावर दोन पूर

२०२१ च्या जुलैमधली चोविसावी तारीख. सांगलीत पाणी चढत होते. सकाळी आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच चित्रफीत फिरत होती. पडद्याचे उभे दोन भाग, मधे पांढरी रेघ. डावीकडे ‘२०१९’, उजवीकडे ‘आज’. दोन्हीकडे आयर्विन पूल आणि खाली कृष्णेचे गढूळ पाणी. डावीकडचे पाणी पुलाच्या अगदी जवळ, उजवीकडचे बरेच खाली. शेजारचे नाना मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “बघ, औंदा तेवढं न्हाई. सामान वर न्यायची घाई करू नगं.” दुसऱ्या दिवशी नानांच्या खालच्या खोलीत कमरेएवढे पाणी होते. ज्वारीची पोती आणि शिलाई मशीन दोन्ही गेले.

ती चित्रफीत खोटी नव्हती. डावीकडचा तुकडा खराच २०१९ चा होता आणि उजवीकडचा खराच त्या सकाळचा. चुकली होती ती मधली रेघ. ही रेघ चित्रपटात कुठून आली आणि ती पाहणाऱ्याला काय सांगते, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो आहे.

एका चौकटीत दुसरे चित्र बसवण्याची कल्पना चित्रपटाइतकीच जुनी आहे. १८९८ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज आल्बर्ट स्मिथ यांनी ‘सांता क्लॉज’ नावाचा मिनिटभराचा चित्रपट केला. मुले झोपलेली आहेत, आणि त्याच चौकटीत एका गोल खिडकीसारख्या जागेत छपरावर उतरणारा सांता दिसतो. १९१३ साली, म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला त्याच वर्षी, अमेरिकेत लॉइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांनी ‘सस्पेन्स’मध्ये पडदा त्रिकोणांत विभागला. एका भागात घरात एकटी सापडलेली स्त्री टेलिफोनवर बोलते आहे, दुसऱ्यात तिचा नवरा ऐकतो आहे आणि तिसऱ्यात घरात शिरू पाहणारा भटक्या आहे.

हे तेव्हा कॅमेऱ्यातच करता येई. भिंगापुढे काळा पुठ्ठा असा धरायचा, की फिल्मचा काही भागच उजेडात यावा. दृश्य घेऊन झाले की फिल्म मागे गुंडाळायची, पुठ्ठ्याची बाजू बदलायची आणि उरलेल्या भागावर दुसरे दृश्य घ्यायचे. पुठ्ठा केसभर सरकला तरी मधे काळा पट्टा राही किंवा दोन्ही दृश्ये एकमेकांवर चढत. म्हणजे पडद्यावर एकाच वेळी दिसणाऱ्या या गोष्टी प्रत्यक्षात एकामागून एक टिपलेल्या असत. तरीही प्रेक्षकाने कुठलीही शंका न घेता मानले, की नवरा ऐकतो आहे त्याच क्षणी भटक्या आत शिरतो आहे. रेघेचा पहिला अर्थ हा असा ठरला: ‘इकडे हे, त्याच वेळी तिकडे ते.’

दूरचित्रवाणीने हा अर्थ आणखी पक्का केला. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकच्या उद्घाटनात स्टेडियमच्या विस्तीर्ण दृश्यात ज्योतीचे जवळून घेतलेले चित्र छोट्या चौकटीत बसवले गेले. क्वांटेल कंपनीच्या यंत्राने ते साधले होते. ते यंत्र चित्र अंकांच्या रूपात साठवून, लहान करून, हव्या त्या कोपऱ्यात मांडू शकत असे. पण जे साठवता येते ते केव्हाही काढता येते. कोपऱ्यातले चित्र ‘आत्ताचे’ आहे याची ग्वाही यंत्र देत नव्हते. ती फक्त दाखवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभी होती.

हा प्रामाणिकपणा मी स्वतः अनेकदा मोडला आहे. नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेत आणि सातारा रस्त्यावरच्या गावांत मी लग्नांचे व्हिडिओ करत असे. तेव्हा डिजिटल मिक्सर नुकते आले होते आणि मंगलाष्टकांच्या वेळी कोपऱ्यात बदामाच्या आकाराची चौकट असावी, असा जवळजवळ प्रत्येक यजमानाचा आग्रह असे. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना नवरीच्या आईचा चेहरा माझ्याकडून टिपायचा राहिला. घरी जोडणी करताना मी पाठवणीच्या वेळचे तिचे रडणे काढले, बदामात घातले आणि मंगलाष्टकांच्या कोपऱ्यात लावले. घरच्यांना ते इतके आवडले, की पुढची तीन लग्ने त्या एका कॅसेटवर मिळाली. आई मात्र ती कॅसेट पाहून एवढेच म्हणाली, “मी तेव्हा रडत नव्हते रे, हसत होते.” त्या बाईंचा त्या घटकेचा आनंद मी कायमचा पुसून टाकला होता, आणि पाहणाऱ्या कोणालाही तो पुसलेला कळणार नव्हता.

आज मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात कोणाचा तरी ‘प्रतिसाद’ दाखवला जातो, तेव्हा मला तो बदाम आठवतो. पाहणाऱ्याने तिथे एक खूण शोधावी. मूळ चित्रातला आवाज अचानक वाढला, काही पडले, कोणी ओरडले, तर कोपऱ्यातला चेहरा किंचित उशिरा बदलायला हवा. तो आधीच बदलला किंवा मुळीच बदलला नाही, तर दोन तुकडे नंतर जोडले असण्याचा संशय घ्यावा.

आता पुराकडे येतो. पुराच्या चित्रफितीतली रेघ ‘त्याच वेळी’ असे म्हणत नव्हती. ती म्हणत होती, ‘तेव्हा तसे, आता असे.’ रेघेचा हा दुसरा अर्थ आहे आणि तो पहिल्याच्या अगदी उलटा आहे. इथे दोन काळ वेगळे असतात; म्हणून बाकी सगळे सारखे असावे लागते. जागा, कोन, भिंग आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुराचा टप्पा.

नानांना फसवले ते टप्प्याने. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते आणि डावीकडचा तुकडा त्या शिखराच्या वेळचा होता. उजवीकडचा तुकडा चढत्या पाण्याचा होता. २०२१ चे शिखर त्यानंतर, २५ जुलैच्या सुमारास, ५५ फुटांच्या आसपास आले. शिखराची तुलना चढणीशी केली तर चढण नेहमीच ‘खाली’ दिसणार. खरी तुलना चढणीची चढणीशी व्हायला हवी होती: २०१९ मध्ये पाणी याच पातळीला असताना तासाला किती इंच चढत होते आणि आज किती चढते आहे. ती तुलना पाहून नानांनी पोती हलवली असती.

दुसरा दोष भिंगाचा, आणि तो मोजून पकडता येतो. पुढे मी असे तुकडे गोळा करून मोजू लागलो. आकडे सोपे करून एक उदाहरण सांगतो. दोन्ही तुकडे एकाच घाटावरून घेतले आहेत. पुलाच्या कठड्यावरचे दोन ठळक बिंदू निवडले, दोन्हीकडे तेच. डाव्या चित्रात त्यांच्यातले अंतर पडद्यावर २४० ठिपके भरले, उजव्यात १६०. म्हणजे उजवीकडचे चित्र घेणाऱ्याने रुंद भिंग वापरले आणि सगळे दीडपटीने लहान दिसले. आता कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर डावीकडे १०८ ठिपके आहे आणि उजवीकडे ९०. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर उजवीकडचे पाणी पुलाच्या जास्त जवळ, म्हणजे जास्त चढलेले वाटते. पण उजवे चित्र दीडपट मोठे केले की ९० चे १३५ होतात. म्हणजे प्रत्यक्षात उजवीकडचे पाणी २७ ठिपक्यांनी खाली आहे. डावीकडच्या पातळीपट्टीवर एक फूट १८ ठिपके भरत असेल, तर तो फरक दीड फुटाचा झाला. भिंगाने निकाल उलटा केला होता. ही मोजणी जागा आणि कोन एकच असेल तरच लागू पडते. एक तुकडा घाटावरून आणि दुसरा गच्चीवरून घेतला असेल, तर कितीही गुणाकार केला तरी उत्तर खरे येत नाही. तिथे तुलना सोडून द्यावी.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात रेघेचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. दर पुरात एक चित्रफीत हमखास येते. डावीकडे कोयना धरणाचे उघडलेले दरवाजे, उजवीकडे बुडालेली सांगली. पाहणारा लगेच म्हणतो, तिकडे सोडले म्हणून इकडे आले. पण त्या क्षणी धरणातून पडणारे पाणी सांगलीत नसते. ते कोयना नदीतून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर येते, कृष्णेला मिळते आणि पुढे भिलवडीवरून सांगलीला पोचते. हा हिशेब मिनिटांचा नाही. कोयनेचा दरवाजा आणि सांगलीचे पाणी शेजारी ठेवायचेच असेल, तर उजवा तुकडा तितका पुढच्या वेळेचा घ्यायला हवा आणि दोन्हींवर तारीख-वेळ लिहायला हवी.

त्याहून मोठी अडचण चौकटीबाहेर राहते. दोन भागांच्या पडद्यात दोनच कारणे मावतात. सांगलीच्या पुरात धोम, कण्हेर, उरमोडीचे पाणी असते, धरणांच्या खाली पडलेला मुक्त पाऊस असतो, आणि सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरला मिळणारी वारणा असते. वारणा भरून वाहू लागली की कृष्णेचे पाणी लवकर पुढे सरकत नाही. यातले काहीच त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे दिसत नाही. २०१९ नंतर अलमट्टी धरण आणि बुडालेली सांगली यांच्या जोडचित्रांनीही असाच निकाल लावून टाकला होता. नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यात अलमट्टीला दोषी धरले नव्हते. अतिवृष्टी आणि नदीच्या पात्रातली अतिक्रमणे यांच्याकडे बोट दाखवले होते. त्या निष्कर्षावर वाद करता येईल आणि तो होतोही. पण तो वाद दोन चित्रे शेजारी लावून मिटणारा नाही.

मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाट धरतात तेव्हा त्याच्या दोन बाजूंना दोन माणसे एकाच वेळी उभी असतात, हे मांडवातल्या सगळ्यांना दिसत असते. पडद्यावरच्या रेघेला असा मांडव नसतो. तिच्या दोन्ही बाजूंची वेळ कोणीतरी लिहून ठेवावी लागते.

आता पावसाळ्यात नाना मोबाइल घेऊन येतात तेव्हा आधी विचारतात, “ह्येच्यावर वेळ कुठं लिवलीय?” लिहिलेली नसली, की ते पोती वर न्यायला घेतात.