जीभ, पाय आणि रक्ताचा चकवा

वैद्यकाच्या इतिहासाच्या या मालिकेत आज मी दोन तक्रारींची गोष्ट सांगणार आहे. पहिली म्हणजे दोन्ही पायांच्या तळव्यांना मुंग्या येणं. दुसरी म्हणजे जीभ लाल, गुळगुळीत होणं आणि साधी आमटीसुद्धा झोंबणं. आपल्या घरांत या दोन तक्रारी एकत्र ठेवून कुणी पाहत नाही. जीभ आली की ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद आणि सब्जा दिला जातो. पायाला मुंग्या आल्या की ‘वय झालं’ किंवा ‘शुगर असेल’ असं म्हटलं जातं. पण दोन्ही एकाच माणसाला, तेही शाकाहारी माणसाला होत असतील, तर त्यामागे बी १२ या जीवनसत्त्वाची कमतरता असण्याची बरीच शक्यता असते. ही जोडी ओळखायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांतला सर्वांत मोठा चकवा आजही आपल्याकडे चालू आहे, म्हणून मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये होते. थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरने एका विचित्र पंडुरोगाचं वर्णन केलं. माणूस फिकट होत जायचा, थकायचा आणि शेवटी दगावायचा. पुढे या रोगाला ‘पर्निशियस’, म्हणजे घातक, असं नाव पडलं. हळूहळू लक्षात आलं, की या रोग्यांची जीभ सोलल्यासारखी होते. पुष्कळांचे पाय बधिर होतात आणि चाल डळमळते. 1900 साली रसेल, बॅटन आणि कॉलियर या तिघांनी मज्जारज्जूमध्ये नेमकं काय बिघडतं ते सविस्तर मांडलं. पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणाऱ्या लांब तंतूंवरचं आवरण झिजतं. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून तक्रार बहुधा पायांपासून, आणि दोन्ही बाजूंना सारखीच सुरू होते.

1926 मध्ये अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी दाखवलं, की रोज भरपूर यकृत, म्हणजे प्राण्यांची कलेजी, खाल्ली तर हे रोगी जगतात. यकृतात काहीतरी होतं. ते काय होतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

याच सुमाराला गोष्ट मुंबईत येते. 1928 मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात तसाच, मोठ्या तांबड्या पेशींचा पंडुरोग होत होता आणि त्यात मृत्यूही होत होते. विल्सने त्यांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी एक स्वस्त वस्तू हाती लागली. ती म्हणजे मार्माइट, यीस्टचा काळपट अर्क, पावाला लावून खायचा. तो दिला की बायका बऱ्या व्हायच्या. 1931 मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. पुढच्या कामात तिला असंही दिसलं, की पर्निशियस पंडुरोगावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क या बायकांना उपयोगी पडत नाही. म्हणजे दिसायला सारख्या दोन पंडुरोगांमागे दोन वेगळे पदार्थ होते. मुंबईत सापडलेला पदार्थ म्हणजे फोलिक अ‍ॅसिड.

1945 मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत फोलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. हे नवं औषध पर्निशियस पंडुरोगाच्या रोग्यांनाही देऊन पाहिलं गेलं. रक्त सुधारलं, जीभ भरून आली, भूक लागली. डॉक्टरांना वाटलं, कलेजीची कटकट संपली. पण काही महिन्यांत त्यातल्या अनेकांचे पाय बिघडू लागले. कुणाला नव्याने मुंग्या आल्या, कुणाचं आधीचं बधिरपण झपाट्याने वाढलं. रक्ताचा अहवाल उत्तम आणि माणूस मात्र अडखळतोय, असं चित्र तयार झालं. मी ज्याला चकवा म्हणतो तो हाच.

असं का झालं, ते सोप्या शब्दांत सांगतो. बी १२ शरीरात मुख्यतः दोन कामं करतं. एक काम नव्या पेशी बनवण्याचं. ते फोलिक अ‍ॅसिडच्या जोडीने होतं. रक्ताच्या आणि जिभेवरच्या पेशी सतत नव्या होत असतात, म्हणून टंचाई तिथे दिसते. दुसरं काम मज्जातंतूंचं आवरण राखण्याचं, आणि तिथे फोलिक अ‍ॅसिड बी १२ची जागा घेऊ शकत नाही. फोलिक अ‍ॅसिड भरपूर मिळालं तर पहिलं काम कसंबसं निभावतं, दुसरं थांबलेलंच राहतं. 1948 मध्ये यकृतातला तो लाल पदार्थ अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये स्फटिकरूपात वेगळा झाला. त्याला बी १२ हे नाव मिळालं. त्याने मात्र रक्त आणि नसा दोन्ही सावरल्या.

आता शाकाहाराकडे येऊ. बी १२ वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते फक्त जीवाणू तयार करतात. गाई-म्हशीच्या पोटातले जीवाणू ते बनवतात आणि ते दुधात उतरतं. म्हणून शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळतं. दूधही सोडलेल्या लोकांचं काय होतं, ते 1955 मध्ये वोक्स, बॅडेनॉक आणि सिंक्लेअर यांच्या लेखात दिसलं. संपूर्ण वनस्पतिजन्य आहारावर राहणाऱ्यांत त्यांना दुखरी जीभ आणि हातापायांना मुंग्या ही लक्षणं आढळली. म्हणजे जठराचा कोणताही रोग नसताना, केवळ आहारामुळे ही जोडी दिसू शकते.

पण काही जण वर्षानुवर्षं ठणठणीत कसे राहतात? उत्तर यकृतातल्या साठ्यात आहे. समजा यकृतात 3 मिलिग्रॅम, म्हणजे 3000 मायक्रोग्रॅम बी १२ आहे. रोज त्यातलं साधारण हजारावा भाग जातो, म्हणजे सुमारे 3 मायक्रोग्रॅम. साठा कमी होतो तसा खर्चही घटतो. त्यामुळे तो संपायला काही वर्षं लागतात. पण हा हिशेब आधी मांसाहार करणाऱ्याचा झाला. जन्मापासून शाकाहारी असलेल्याचा साठा मुळातच लहान. त्याच्या आईचाही लहान. 1962 मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा बाळांचं वर्णन केलं. ही बाळं अंगावरच्या दुधावर होती आणि त्यांच्या आयांच्या शरीरातच बी १२ कमी होतं. बाळं निरुत्साही झाली होती, शिकलेलं विसरत होती, कातडी काळवंडली होती, काहींना कंप सुटला होता. बी १२ दिल्यावर ती सुधारली.

‘आम्ही दूध घेतो की!’ हे वाक्य मी फार ऐकतो. तर एक हिशेब करू. मोठ्या माणसाला रोज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं. 100 मिली दुधात साधारण 0.4 मायक्रोग्रॅम असतं. दोन कप चहात मिळून 100 मिली दूध गेलं, तर 0.4 झालं. जेवताना वाटीभर दही घेतलं, आणखी 0.3 ते 0.4 धरा. बेरीज जेमतेम 0.8, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांशाच्या आसपास. उकळण्यात थोडं कमी होतं ते वेगळंच. रोज अर्धा लिटरहून अधिक दूध-दही पोटात गेलं, तरच हिशेब जुळतो. इडली, आंबील किंवा स्पिरुलिना यांच्यावर भिस्त ठेवू नका. स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं बी १२सारखं दिसणारं, पण माणसाच्या कामी न येणारं असतं.

1970च्या दशकात ब्रिटनमध्ये गेलेल्या शाकाहारी हिंदूंत ही कमतरता दिसू लागली. तेव्हा एक तर्क मांडला गेला, की भारतात धान्यातल्या किडींतून आणि अस्वच्छ पाण्यातून नकळत थोडं बी १२ मिळत असावं. तो अंशतः खरा असेलही. पण भारतातलं चित्रही काही बरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या मिळून 441 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 67 टक्के पुरुषांच्या रक्तात बी १२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण सर्वांत जास्त होतं.

आता चकवा आपल्या ताटात कसा येतो ते पाहा. आपल्या जेवणात डाळी आणि पालेभाज्या असतात, म्हणजे फोलेट पुरेसं. त्यामुळे रक्त बराच काळ ठीक दिसतं. शिवाय बायकांत लोहाची कमतरता असते. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी १२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम असलं की सरासरी ‘नॉर्मल’ येते. 1988 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात बी १२च्या कमतरतेने मज्जासंस्थेची लक्षणं आलेले 141 रोगी होते. त्यांपैकी 40 जणांना ना पंडुरोग होता, ना मोठ्या पेशी. म्हणून ‘हिमोग्लोबिन तेरा आहे, मग बी १२ कशाला तपासायचं?’ हा प्रश्न चुकीचा ठरतो.

मग ओळखायचं कसं? दोन्ही तळव्यांना सारख्या मुंग्या, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं, बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं. डॉक्टर घोट्यावर कंप पावणारा चिमटा ठेवतात आणि तो कंप जाणवत नाही. मधुमेहातही पाय असेच सुरुवात करतात. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी १२ आणखी घटतं, म्हणजे दोन्ही कारणं एकाच पायात असू शकतात. तपासणी इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करण्याआधी करा, नाहीतर आकडा फुगलेला येतो. 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, 200 ते 300 म्हणजे संशयाची जागा. तिथे होमोसिस्टीन तपासून उलगडा होतो.

उपचार स्वस्त आहे. नसांची लक्षणं असतील तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतात. नंतर 1000 मायक्रोग्रॅमची गोळीही चालते, कारण तिचा साधारण एक टक्का आतड्यातून आपोआप शिरतो, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम, गरजेच्या चौपट. जीभ काही दिवसांत निवते. पाय महिने घेतात, आणि लक्षणं जुनी असतील तर काही बधिरपण कायमचं राहतं. आहार तोच राहिला तर गोळीही चालूच ठेवावी लागते.

गरोदरपणातली फोलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र या भीतीने कुणी थांबवू नये. तिचं काम वेगळं आणि गरजेचं आहे. तिच्या जोडीला आईचं बी १२ तपासावं, एवढंच माझं सांगणं आहे. ल्युसी विल्सला मुंबईत जे दिसलं ते अर्धं उत्तर होतं. उरलेलं अर्धं 1948 मध्ये मिळालं. आपल्या घरात बहुतेक वेळा पहिलंच अर्धं पोहोचतं.